सुनावणी एकाची, निकाल दुसऱ्याचा

अधिकाऱ्याच्या बदलीची बातमी येते तेव्हा चर्चा माणसाभोवती फिरते. चांगला होता, कडक होता, कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत होता म्हणून गेला. पण बदलीने गावच्या कामाचं नेमकं काय बिघडतं, हे त्या चर्चेत सहसा येत नाही. फायली तर कार्यालयातच राहतात, कारकून तोच असतो आणि नवा साहेब आठवड्याभरात रुजू होतो. मग काम वर्ष-वर्ष मागे का पडतं? उत्तर शोधायचं तर कामाच्या एका ठरावीक टप्प्याकडे बघावं लागतं: सुनावणी झाली आहे, पण निकाल लिहिला गेलेला नाही. बदलीचा सर्वांत मोठा घाव या मधल्या काळात बसतो. भूसंपादनात तो स्पष्ट दिसतो, म्हणून तेच उदाहरण घेतो.

समजा, तीन गावांच्या शिवारात एक साठवण तलाव होणार आहे. चाळीस हेक्टर जमीन लागणार आहे. प्रांत अधिकारी, म्हणजे उपविभागीय अधिकारी, हेच भूसंपादन अधिकारी आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ खालची प्राथमिक अधिसूचना जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघाली. ती राजपत्रात आली, वर्तमानपत्रांत आली, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. त्या दिवसापासून दोन घड्याळं सुरू झाली. पहिलं साठ दिवसांचं, ज्या मुदतीत ज्याची जमीन जाणार आहे त्याने हरकत नोंदवायची. दुसरं बारा महिन्यांचं. तेवढ्यात हरकतींवर सुनावणी होऊन, अहवाल जाऊन, कलम १९ खालची अंतिम घोषणा निघायला हवी. ती निघाली नाही आणि शासनाने लेखी कारणं देऊन मुदतही वाढवली नाही, तर मूळ अधिसूचना रद्द झाल्याचं कायदा मानतो. पहिल्यापासून सगळं पुन्हा.

हरकती बऱ्याच आल्या. कुणाचं म्हणणं, तलावाची रेषा थोडी उत्तरेला सरकवली तर माझं घर वाचेल. कुणाच्या सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचंच नाव आहे. कुणाची विहीर पीकपाहणीत लागलेलीच नाही. सप्टेंबरात प्रांतांनी सुनावण्या सुरू केल्या. पहिल्या गावाच्या हरकती ऐकून त्यांवरचा भाग लिहून झाला. दुसऱ्या गावाच्या पूर्ण ऐकून झाल्या, लिहायच्या राहिल्या. तिसऱ्या गावाच्या निम्म्या ऐकल्या. आणि जानेवारीच्या अखेरीस बदलीचा आदेश आला.

इथे कुणाचा हेतू वाईट असायलाच हवा असं नाही. लोकसभेची निवडणूक तोंडावर आहे. निवडणूक आयोगाचं धोरण असं, की निवडणुकीच्या कामाशी संबंध येणारा अधिकारी स्वतःच्या जिल्ह्यात नसावा आणि गेल्या चार वर्षांत त्याची एकाच जिल्ह्यात तीन वर्षं झालेली नसावीत. प्रांतांची तीन वर्षं भरत होती. नियम रास्त आहे. निवडणूक निष्पक्ष व्हायची तर तो हवाच. पण त्या नियमाला तलावाची फाईल माहीत नसते.

आदेश आला की अधिकारी दोन-चार दिवसांत कार्यमुक्त होतो. कार्यभार सोपवल्याच्या कागदावर सह्या होतात. गाडी, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, रोख नोंदवह्या यांची देवघेव काटेकोर होते. कोणत्या प्रकरणात सुनावणी संपली आहे आणि निकाल बाकी आहे, याची यादी त्या कागदासोबत असतेच असं नाही. नवीन नेमणूक होईपर्यंत शेजारच्या उपविभागाच्या प्रांतांकडे अतिरिक्त कार्यभार जातो. ते आपल्या उपविभागाची निवडणूक सांभाळून आठवड्यातला एखादा दिवस इकडे येतात. रोजच्या सह्या होतात, दाखले निघतात. ज्यात मन घालून निर्णय घ्यायचा ते प्रकरण मात्र ते बाजूला ठेवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. आज निर्णय घ्यायचा, उद्या कायमचा माणूस येणार, आणि परवा न्यायालयात उत्तर आपल्याला द्यायचं, हा हिशेब कुणीही करेल. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, आचारसंहिता लागली, मतदान झालं, मतमोजणी झाली. नवे प्रांत जूनच्या मध्यावर रुजू झाले. बारा महिने भरायला तीन आठवडे उरले होते.

आता नव्या अधिकाऱ्यापुढे खरा पेच आहे. दुसऱ्या गावाच्या सुनावण्या पूर्ण झाल्या आहेत. रोजनाम्यात तारखा आहेत, सह्या आहेत, लेखी हरकती फाईलला जोडलेल्या आहेत. मग ते वाचून अहवाल लिहून टाकायचा का? नाही. ज्याने ऐकलं त्यानेच ठरवायचं, हे नैसर्गिक न्यायाचं जुनं तत्त्व आहे. १९५८ मध्ये आंध्रातल्या बसवाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. त्यात हरकती सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसरा असेल, तर सुनावणी हा पोकळ उपचार ठरतो, अशी भूमिका न्यायालयाने तेव्हा घेतली. भूसंपादनापुरतं हेच तत्त्व २०१४ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात पुन्हा आलं. दिल्लीच्या नियोजित विकासासाठी १९८० मध्ये जमिनींच्या संपादनाची अधिसूचना निघाली होती. हरकतदारांना ऐकणारा भूसंपादन अधिकारी एक आणि अहवाल देणारा दुसरा, अशी तिथली गोष्ट. त्या निकालात इतरही मुद्दे होते, पण न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं, की सुनावणी घेणाऱ्यानेच अहवाल द्यायला हवा. त्याच्या जागी आलेल्या माणसाने नव्याने न ऐकता निर्णय दिला तर तो टिकत नाही. चौतीस वर्षं लोंबकळलेल्या त्या प्रकरणातला हा एक दोष होता, आणि तो कुणाच्या लाचखोरीतून आलेला नव्हता.

म्हणून आपल्या नव्या प्रांतांना दुसऱ्या गावाच्या सगळ्या हरकती पुन्हा ऐकाव्या लागतात. याला कार्यालयात फेरसुनावणी म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की खातेदाराचा धीर सुटतो. त्याने एकदा मजुरी बुडवून तालुक्याची वारी केलेली असते, वकिलाला पैसे दिलेले असतात. आता पुन्हा नोटीस, पुन्हा वारी. काही जण येत नाहीत. न आलेल्याची हरकत एकतर्फी निकालात निघते आणि पुढे तोच माणूस उच्च न्यायालयात जाऊन म्हणतो, मला ऐकलंच नाही.

तीन आठवड्यांत हे होणं शक्य नाही. मग मुदतवाढीचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंत्रालयात जातो. मुदत संपण्याआधी आदेश निघाला तर काम वाचतं. पण वाचण्यालाही किंमत आहे. याच कायद्याच्या कलम ३० प्रमाणे बाजारमूल्यावर वर्षाला बारा टक्के दराने जादा रक्कम अधिसूचनेपासून निवाडा होईपर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी असेल तोवर, चढत राहते. आपल्या तलावाची जमीन हेक्टरी वीस लाख धरली तर चाळीस हेक्टरांचे आठ कोटी होतात. त्यावर वर्षाचे शहाण्णव लाख, म्हणजे महिन्याला आठ लाख. गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम मी इथे धरलेलीच नाही. अतिरिक्त कार्यभाराचे साडेचार महिने म्हणजे छत्तीस लाख रुपये. ते कुणाच्या खिशात गेले नाहीत, शेतकऱ्यालाही खऱ्या अर्थाने लाभले नाहीत. तोवर जमिनीवर 'संपादनाखाली' हा शिक्का असल्याने त्याला ना विहिरीसाठी कर्ज मिळालं, ना जमीन विकता आली. तलावाच्या अंदाजपत्रकात मात्र छत्तीस लाख वाढले.

मुदतवाढ वेळेत आली नाही तर याहून वाईट. अधिसूचना रद्द झाली की नवी काढावी लागते, आणि जमिनीचा भाव ठरवण्याची तारीख ही नव्या अधिसूचनेची तारीख होते. दरम्यान वाटण्या होतात, एका खात्याची चार खाती होतात, नव्या विहिरी निघतात. भूमी अभिलेख खात्याची संयुक्त मोजणी जुनी ठरते. आणि तलावाचं काम घेतलेला ठेकेदार पुन्हा दरवाढ मागतो.

आतापर्यंत जे सांगितलं ते निदान कागदावर दिसतं. खरं नुकसान दिसत नाही ते तोंडी गोष्टींचं. पीकपाहणीत न लागलेल्या त्या विहिरीचंच बघा. आधीच्या प्रांतांनी स्थळपाहणीला जाऊन ती डोळ्यांनी पाहिली होती. दगडी बांधकाम, बारा महिने पाणी. त्यांनी तलाठ्याला सांगितलं, याचा पंचनामा करून पाठवा, हिचं मूल्यांकन घ्यायला हवं. तलाठी हो म्हणाला आणि इतर कामांत पंचनामा राहून गेला. प्रांत गेले, आणि पाहिलेली विहीर त्यांच्याबरोबर गेली. नव्या अधिकाऱ्याच्या कागदांत ती विहीर नाही. शेतकरी सांगतो, साहेब आले होते, त्यांनी पाहिलीय. नवा अधिकारी म्हणतो, रोजनाम्यात नोंद नाही. दोघंही खरं बोलत असतात.

थेट खरेदीत हे आणखी ठळक होतं. महाराष्ट्रात वाटाघाटीने थेट जमीन खरेदी करायची सोय आहे. खातेदाराने संमती दिली तर त्याला पंचवीस टक्के वाढीव मोबदला मिळतो आणि सक्तीच्या संपादनाचा लांबचा रस्ता टळतो. पण संमती हा विश्वासाचा व्यवहार आहे. गावातले दोन-तीन वडीलधारे एका अधिकाऱ्याच्या बोलण्यावर तयार होतात, मग बाकीचे येतात. सगळ्यांची संमतिपत्रं जमा होऊन खरेदीखतं होण्याआधी तो अधिकारी गेला, तर तयार झालेले पहिले मागे सरतात. नवा माणूस तोच दर देईल कशावरून? दर समितीने ठरवलेला असतो, अधिकाऱ्याने नव्हे, हे समजावायला पुन्हा गावात बसावं लागतं, पुन्हा चहा, पुन्हा ओळखी.

हे सगळं ठाऊक असल्यामुळेच बदल्यांना लगाम घालणारा कायदा महाराष्ट्रात झाला. अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकाराबरोबरच या प्रश्नावरही आंदोलनं केली होती, हे आज फारसं आठवत नाही. बदल्यांचं विनियमन आणि कामातला विलंब रोखण्यासाठीचा हा २००५ चा अधिनियम जुलै २००६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. ज्यांची बदली देय आहे त्यांची यादी दरवर्षी जानेवारीत तयार करायची आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये करायच्या. मुदतीआधी किंवा वर्षाच्या मध्येच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवायची आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची. ही अट पाळली नाही म्हणून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, कर्मचाऱ्यांच्या भाषेत मॅटने, अनेक बदल्या रद्द केल्या आहेत. पुढे २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेवा मंडळ आणि किमान कालावधीचा आदेश दिला. त्यानंतर २०१४ मध्ये भारतीय प्रशासन सेवेच्या नियमांत किमान दोन वर्षं आली.

कायदा आहे, मग फरक का दिसत नाही? एक कारण सगळ्यांना माहीत आहे. 'विशेष कारणास्तव' आणि 'प्रशासकीय निकडीनुसार' या दोन शब्दप्रयोगांत हवं ते बसवता येतं. तुकाराम मुंढे यांच्या नेमणुका सार्वजनिक नोंदीत आहेत. नवी मुंबई महापालिकेत मे २०१६ ते मार्च २०१७, मग पुण्याच्या पीएमपीएमएलमध्ये पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, मग नाशिक महापालिकेत नोव्हेंबर २०१८ पर्यंत. तीन संस्था, तीनही ठिकाणी वर्षाच्या आत. त्यांची कार्यशैली पटो वा न पटो, कोणत्याही आयुक्ताला स्वतः मांडलेल्या एका अंदाजपत्रकाचं पूर्ण वर्षही बघायला मिळू नये, हे शहराच्या दृष्टीने घातक आहे असं मला ठामपणे वाटतं. आणि हे एकट्या महाराष्ट्राचं नाही. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी या अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातल्या भारतीय प्रशासन सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका अभ्यासल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका पदावरचा सरासरी काळ सोळा महिने निघाला.

दुसरं कारण कमी बोललं जातं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कायदा अधिकाऱ्याचा काळ मोजतो, कामाचा नाही. तीन वर्षं पूर्ण करून, अगदी नियमाप्रमाणे मेमध्ये बदली झाली तरी तलावाच्या सुनावण्या मध्येच तुटू शकतात. कलम ११ ते निवाडा या दोन टप्प्यांना कायद्यानेच प्रत्येकी बारा महिने दिले आहेत. त्याआधी मोजणी आणि त्यानंतर ताबा व मोबदला वाटप धरलं तर तीन वर्षं सहज ओलांडतात. म्हणजे एकाच अधिकाऱ्याने एक संपादन पहिल्यापासून शेवटपर्यंत पार पाडणं जवळजवळ अशक्य. बदली होणारच हे धरूनच काम आखायला हवं.

आणि बदली व्हायलाही हवी. एका तालुक्यात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाचे वाळूवाल्यांशी, ठेकेदारांशी, बिगरशेतीच्या दलालांशी धागे जुळतात हे कुणी नाकारू नये. शिवाय सगळ्यांनाच पुण्या-नाशिकजवळ राहायचं असतं. बदल्या थांबवल्या तर गडचिरोली आणि नंदुरबारच्या रिकाम्या खुर्च्या कायमच्या रिकाम्या राहतील. त्या भागांत अजूनही अनेकांच्या लेखी नेमणूक म्हणजे शिक्षा. तिथे आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या अर्जाचा विचार करतो, आणि तिथल्या आश्रमशाळा, पाणीयोजना, वनहक्काचे दावे यांना एकामागून एक अतिरिक्त कार्यभारच मिळत राहतो.

मग अधिकारी जाणार हे धरून काय करता येईल? महसूल कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आहे. कार्यवाहीची प्रकरणं एका गठ्ठ्यात, बाहेरून उत्तर यायचं आहे अशी प्रतीक्षाधीन दुसऱ्यात, मग नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी आणि नष्ट करायची. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहिमेत याच पद्धतीवर भर दिला. ही पद्धत जिथे पाळली जाते तिथे नवा अधिकारी पहिल्याच दिवशी दुसरा गठ्ठा उघडून कुणाचं उत्तर यायचं आहे ते बघू शकतो. तलाठ्याकडे मागितलेला विहिरीचा पंचनामा लेखी मागितला असता, तर तो त्या गठ्ठ्यात सापडला असता. भूसंपादनाच्या शाखेत यात एकच भर घालावी असं मला वाटतं: सुनावणी पूर्ण, अहवाल बाकी, अशा प्रकरणांची वेगळी नोंदवही. कार्यभार देताना ती घेणाऱ्याने सही करून ताब्यात घ्यावी, किल्ल्यांसारखीच.

खातेदारानेही काही गोष्टी स्वतः कराव्यात. तोंडी सांगितलेलं सुनावणीतच लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. साहेब शेतावर येऊन गेले असतील तर 'आपण अमुक तारखेला स्थळपाहणी केली, तेव्हा विहीर पाहिली' असं दोन ओळींचं पत्र आठवड्यात आवक कक्षात द्यावं. रोजनाम्याची नक्कल मागून ठेवावी. आणि अधिकारी बदलल्याचं कळताच नव्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा: माझी सुनावणी आधीच्या अधिकाऱ्यांपुढे झाली आहे, अहवाल झालेला नाही, मला पुन्हा ऐकावं. हा अर्ज वेळेत गेला तर नव्या साहेबाला पेच लवकर कळतो, आणि मुदतवाढीचा प्रस्ताव शेवटच्या आठवड्यावर जात नाही.

सर्वांत सोपी गोष्ट मात्र शासनाच्याच हातात आहे. कायद्याप्रमाणे जानेवारीतच यादी तयार होते, म्हणजे कोण जाणार हे तीन-चार महिने आधी माहीत असतं. निवडणुकीसाठी कुणाची तीन वर्षं भरतात हेही आयोगाच्या पत्राआधी कुणालाही मोजता येतं. ही यादी आस्थापना शाखेच्या कपाटात राहते, भूसंपादन शाखेच्या टेबलापर्यंत येत नाही. ती आली तर यादीतल्या अधिकाऱ्यापुढे नवं गाव सुनावणीला लावायचं नाही आणि ऐकून झालेल्या गावाचा अहवाल मार्चअखेर लिहून घ्यायचा, हे जिल्हाधिकारी एका साध्या परिपत्रकाने ठरवू शकतात. कार्यमुक्त करतानाही अट घालता येते: ज्या हरकती ऐकल्या त्यांचे अहवाल सही करून द्या, मग जा. आपल्या तलावाच्या बाबतीत दुसऱ्या गावाचा अहवाल लिहायला आधीच्या प्रांतांना फार तर दहा दिवस लागले असते.